बिलावर जीएसटी नंबर किंवा रक्कम चुकली, तर सप्लायरकडे नक्की काय मागायचं?

प्रश्न: एका सप्लायरने बिलावर आमच्याऐवजी भावाच्या फर्मचा जीएसटी नंबर टाकलाय. त्याच्याच दुसऱ्या बिलात रेट जास्त लावलाय. दोन्ही बिलं मागच्या महिन्यातली. तो म्हणतो, "पेनाने दुरुस्त करून शिक्का मारून देतो." नवीन बिल मागितलं तर म्हणतो, "रिटर्न भरून झालं, आता होत नाही." नक्की काय मागायचं?

उत्तर:

पेनाने केलेली दुरुस्ती घेऊ नका. शिक्का आणि सही असली तरी ती फक्त तुमच्या फाइलमधल्या कागदावर राहते. खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट तुम्हाला मिळतं ते सप्लायरने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, काय भरलं आणि ते तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीत, आलं का, यावर. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याच्या कलम १६(२) मध्ये ही अट स्पष्टपणे घातलेली आहे. त्याआधी २बी मध्ये नसलेल्या बिलांवर काही टक्के क्रेडिट घेता यायचं, ती सवलत तेव्हापासून बंद झाली.

"रिटर्न भरलं, आता होत नाही" हे मात्र चूक आहे. भरलेला जीएसटीआर-१ परत उघडता येत नाही एवढंच खरं. दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मधून करता येते आणि त्यासाठी वेगळे तक्ते दिलेले आहेत. तुमची दोन बिलं मात्र दोन वेगळ्या वाटांनी दुरुस्त होतात. दोन्हींसाठी "नवीन बिल द्या" एवढंच म्हणाल, तर सप्लायरचा अकाउंटंट बहुधा चुकीचंच काहीतरी करेल.

आधी नंबराचं बघू. चुकलेला नंबर कुठे जाऊन पडला, यावर पुढचं सगळं ठरतं. जीएसटी नंबरात १५ अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, मग त्या पॅनवरच्या नोंदणीचा क्रमांक, मग बहुधा झेड आणि शेवटी एक ताळ्याचं अक्षर. हे शेवटचं अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने निघतं. त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं की ताळा बसत नाही आणि पोर्टल तो नंबर घेतच नाही. म्हणजे जो चुकीचा नंबर पोर्टलने घेतला, तो जवळजवळ नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी खरा नंबर असतो.

म्हणून बिलावरचा नंबर उचला आणि पोर्टलवर लॉगिन न करताच Search Taxpayer मध्ये टाका. नाव आलं, तर ते बिल त्या पार्टीच्या २बी मध्ये गेलं असणार. तुमच्या बाबतीत हेच झालंय, भावाच्या फर्मकडे बघितलं की दिसेल. नंबर अवैध आहे असं आलं, तर जीएसटीआर-१ भरताना सप्लायरच्या अकाउंटंटला एरर आला असणार. अशा वेळी घाईत बऱ्याच ठिकाणी ते बिल 'बी-टू-सी'मध्ये, म्हणजे नोंदणी नसलेल्या किरकोळ गिऱ्हाइकांच्या विक्रीत ढकलून दिलं जातं. तिथे बिलवार नाव नसतं, नुसती बेरीज असते. सप्लायरने टॅक्स भरलेला असतो, पण तो कुणाच्याच नावावर दिसत नाही.

शोधताना आणखी दोन शक्यता तपासून घ्या. कागदावरचा नंबर बरोबर आहे आणि तरी बिल २बी मध्ये नाही, असं असेल तर रिटर्न भरताना चूक झाली आहे. तिथे बिलाला हात लावायची गरजच नाही, फक्त रिटर्नमधली नोंद दुरुस्त करायला सांगायची. किंवा सप्लायर तिमाही रिटर्न भरणारा असेल. असा माणूस पहिल्या दोन महिन्यांची बिलं मधल्या सुविधेतून चढवू शकतो, पण तशी सक्ती नाही. त्याने ती चढवली नाहीत, तर तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत तो जीएसटीआर-१ भरेल आणि तेव्हाच बिल दिसेल. ही चूक नाही, नुसता उशीर आहे. यावरून उगाच वाद होतात. भांडायच्या आधी "तुम्ही मंथली की क्वार्टरली?" एवढं विचारून घ्या.

आता तुमच्या नंबराच्या बिलाची दुरुस्ती. समजा बिल ६ मेचं आहे, माल ८०,००० रुपयांचा आणि १८ टक्क्यांनी टॅक्स १४,४०० रुपये. सप्लायरने मेचा जीएसटीआर-१ ११ जूनच्या आत भरला, १४ जूनला २बी तयार झाला आणि बिल भावाच्या फर्मच्या २बी मध्ये गेलं. सप्लायरने आता जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये, जो ११ जुलैपर्यंत भरायचा असतो, तक्ता ९ए उघडायचा. तिथे जुन्या बिलाचा नंबर घालून घेणाऱ्याचा जीएसटी नंबर बदलायचा आणि तुमचा टाकायचा. बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं तेच राहतं. त्याचा टॅक्स आधीच भरलेला आहे, त्यामुळे त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. हे त्याला मुद्दाम सांगा. "पुन्हा टॅक्स भरावा लागेल" या भीतीनेच बरेच जण टाळाटाळ करतात.

जूनचा २बी १४ जुलैला येईल. तेव्हा हे बिल नेहमीच्या यादीत शोधू नका, दुरुस्त झालेली बिलं तिथे वेगळ्या यादीत असतात. पहिलीच यादी बघून "अजून आलं नाही" म्हणून सप्लायरला पुन्हा फोन केला जातो आणि तो वैतागतो. क्रेडिट तुम्ही जूनच्या ३बी मध्ये, म्हणजे टॅक्स भरायच्या रिटर्नमध्ये, २० जुलैपर्यंत घ्यायचं. मेच्या ३बी मध्ये ते धरू नका.

ऑगस्ट २०२४ पासून जीएसटीआर-१ए नावाचा फॉर्म आलाय. त्याच महिन्याचं ३बी भरायच्या आधी जीएसटीआर-१ मधल्या चुका त्यातून दुरुस्त करता येतात. एखादा अकाउंटंट तो सुचवेल. रक्कम वगैरे त्यात बदलते, पण घेणाऱ्याचा जीएसटी नंबर त्यात बदलता येत नाही. नंबरासाठी पुढच्या जीएसटीआर-१ चीच वाट बघावी लागते.

बी-टू-सीमध्ये गेलेल्या बिलाचा मार्ग वेगळा आहे, कारण दुरुस्त करायला तिथे बिलाची स्वतंत्र नोंदच नाही. सप्लायरने पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता १० मधून त्या महिन्याच्या किरकोळ विक्रीच्या बेरजेतून ८०,००० रुपये कमी करायचे आणि तेच बिल मूळ नंबर-तारखेने तक्ता ४ मध्ये तुमच्या नावावर घालायचं. दोन्ही गोष्टी एकाच रिटर्नमध्ये झाल्या तर टॅक्सची वजाबाकी आणि बेरीज जुळते. नुसतं तक्ता ४ मध्ये घातलं तर त्याला टॅक्स खरोखरच दोनदा लागेल. ते त्याच्या लक्षात आलं की तो पुढच्या वेळी तुमचं ऐकणार नाही.

दोन्ही प्रकारांत सप्लायरकडून मूळ नंबर आणि तारखेची, तुमचा बरोबर जीएसटी नंबर असलेली छापील प्रतही घ्या. बिलावरचे बारीकसारीक तपशील राहिले तर नियम ३६ थोडी सूट देतो, पण घेणाऱ्याचा जीएसटी नंबर त्या सुटीत बसत नाही. २बी मध्ये बिल आहे आणि कागदावर नंबर दुसऱ्याचा, अशी फाइल तपासणीत टिकत नाही.

सप्लायर ई-इनव्हॉइसवाला असेल तर मात्र हा सोपा मार्ग सोडा. उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्यांना ते बंधनकारक आहे आणि त्यांच्या बिलावर क्यूआर कोड असतो. त्या कोडच्या आत घेणाऱ्याचा नंबर पक्का झालेला असतो. प्रिंट बदलली तरी कोड स्कॅन केला की जुनाच नंबर निघेल. ई-इनव्हॉइस २४ तासांच्या आत रद्द करता येतं, त्यानंतर नाही, आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे मुदत गेल्यावर जुन्या बिलाची पूर्ण रकमेची क्रेडिट नोट भावाच्या फर्मच्या नावाने आणि नवं बिल नव्या नंबराने, आजच्या तारखेने तुमच्या नावाने, हाच स्वच्छ उपाय. मागच्या तारखेचं नवं बिल मागू नका.

दुसऱ्या राज्यातल्या शाखेचा नंबर पडला असेल तरीही क्रेडिट नोट आणि नवं बिल हेच बरं. राज्याचा कोड २७ ऐवजी २९ आला की बिलिंग सॉफ्टवेअर सीजीएसटी-एसजीएसटी सोडून आयजीएसटी लावतं. माल महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच गेला असेल, तर नंबराबरोबर टॅक्सचा प्रकारही चुकला. नुसता नंबर बदलून ते सुटत नाही.

भावाच्या फर्मने काय करायचं, हे बहुतेक जण विसरतात. "घरचीच फर्म आहे, त्यांनी क्रेडिट घेतलं तर काय झालं" असं म्हणू नका. माल त्यांना मिळालेला नाही, आणि माल मिळणं ही क्रेडिटची मूळ अट आहे. मग हिशोब जुळवायला त्या फर्मने तुम्हाला बिल फाडायचं, हा तर आणखी मोठा घोळ, कारण ते मालाशिवायचं बिल ठरतं. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस सुरू झालंय, तिथे आलेलं प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता किंवा थांबवून ठेवता येतं. भावाच्या अकाउंटंटला ते बिल नाकारायला सांगा. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं आणि त्यांच्या २बी मध्ये जातं. तसं झालं असेल, तर निदान ३बी मध्ये ती रक्कम घेऊ नये. आधीच घेतली असेल, तर उलटवावी लागेल.

आता जास्त रेटचं बिल. इथे एक प्रश्न आधी विचारायचा, रक्कम बिलातच चुकली की बिल बरोबर आणि फक्त रिटर्नमध्ये चुकली? रिटर्नमध्येच चुकली असेल, तर वरचाच तक्ता ९ए, विषय संपला. बिलातच चुकली असेल, तर ते बिल जसंच्या तसं राहतं आणि फरकाची क्रेडिट नोट निघते. कलम ३४ मध्ये तीच पद्धत सांगितली आहे. 'रिव्हाइज्ड इनव्हॉइस' हा शब्द बाजारात सर्रास वापरला जातो. कायद्यात मात्र त्याचा अर्थ फार अरुंद आहे. नवी नोंदणी मिळाल्यावर, नोंदणी लागू झाल्याच्या तारखेपासून दाखला हाती येईपर्यंतच्या बिलांसाठीच तो आहे. रेट चुकला म्हणून रिव्हाइज्ड इनव्हॉइस निघत नाही.

आकडे घेऊन बघू. २५० नग, ठरलेला रेट ४५० रुपये, लावलेला ४८०. बिल झालं १,२०,००० रुपयांचं, त्यावर टॅक्स २१,६००, एकूण १,४१,६००. व्हायला हवं होतं १,१२,५००, टॅक्स २०,२५०, एकूण १,३२,७५०. फरक मालात ७,५०० आणि टॅक्समध्ये १,३५०, मिळून ८,८५० रुपये. म्हणजे क्रेडिट नोट ७,५०० रुपयांवर सीजीएसटी ६७५ आणि एसजीएसटी ६७५ अशी हवी, आणि तिच्यावर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख हवी.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला सप्लायरकडे. तो ८,८५० रुपयांची साधी क्रेडिट नोट देतो, टॅक्स वेगळा न दाखवता. अशी नोट जीएसटीआर-१ मध्ये चढत नाही, फक्त खात्यात येते. पैशांचा हिशोब मिटतो, पण २बी मध्ये २१,६०० तसेच राहतात. क्रेडिट नोटवर टॅक्स वेगळा लिहिलाय का आणि ती जीएसटीआर-१ च्या तक्ता ९बी मध्ये जाणार का, हे विचारूनच घ्या.

दुसरा घोळ तुमच्या बाजूला. रेट चुकलाय हे माहीत आहे म्हणून तुमचा अकाउंटंट बिल १,३२,७५० रुपयांनीच टॅलीत चढवतो आणि क्रेडिट २०,२५० घेतो. पुढच्या महिन्यात क्रेडिट नोट २बी मध्ये येते आणि १,३५० रुपये वजा होतात. आधीच कमी घेतलेलं क्रेडिट पुन्हा कमी झालं, वर्षअखेरीला ताळा बसत नाही आणि कारण कुणाला आठवत नाही. म्हणून बिल १,४१,६०० रुपयांनीच चढवा, क्रेडिट नोट आली की ८,८५० ची वेगळी नोंद करा. सप्लायरला द्यायचे पैसे मात्र १,३२,७५०च.

ही क्रेडिट नोट आयएमएसमध्ये दिसली की ती नाकारू नका. नाकारलीत तर सप्लायरच्या डोक्यावर ती टॅक्सची रक्कम परत चढते आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

उलट, बिल कमी रकमेचं झालं असेल तर सप्लायरने फरकाची डेबिट नोट द्यायची. तिथे तो सहसा स्वतःच घाई करतो.

मागणी लेखीच करा, व्हॉट्सॲप चालेल पण एक मेलही हवा. "बिल चुकलंय, दुरुस्त करा" असं लिहिलंत तर तो मेल सप्लायरच्या ऑफिसात टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. रिटर्न भरणाऱ्या माणसाला थेट समजेल असं लिहा. साधारण असं:

> नमस्कार,
>
> आपल्या दोन बिलांबाबत. पहिलं बिल (नंबर …, दि. ६ मे, मालाची किंमत ८०,००० रु., टॅक्स १४,४०० रु.) यावर आमच्याऐवजी दुसऱ्या फर्मचा जीएसटी नंबर पडला आहे. आमचा बरोबर नंबर … असून नोंदणी दाखल्याची प्रत जोडली आहे. आपल्या जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए मधून हा नंबर बदलावा आणि बिलाची दुरुस्त प्रत पाठवावी. टॅक्सच्या रकमेत काही बदल नाही.
>
> दुसरं बिल (नंबर …, दि. …) यात २५० नगांना ४५० रु. ऐवजी ४८० रु. रेट लागला आहे. ऑर्डरची प्रत जोडली आहे. ७,५०० रु. व त्यावरील सीजीएसटी ६७५ रु. व एसजीएसटी ६७५ रु. यांची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या संदर्भासह द्यावी आणि ती त्याच जीएसटीआर-१ मध्ये घ्यावी.
>
> पहिल्या बिलापैकी ८०,००० रु. ठरलेल्या तारखेला देत आहोत. टॅक्सचे १४,४०० रु. बिल आमच्या २बी मध्ये दिसल्यावर लगेच देऊ.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मालाचे पैसे अडवून ठेवू नका, वाद मालाचा नाही. फक्त टॅक्सची रक्कम थांबवा, आणि ती का आणि कधीपर्यंत थांबवली आहे ते लिहून ठेवा. एवढ्यावर बहुतेक सप्लायर पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करतात. सगळे पैसे देऊन झाल्यावर मागितलेली दुरुस्ती मात्र लांबते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे गेले नाहीत तर न दिलेल्या भागावरचं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं, तेव्हा ही रक्कम विसरून राहू देऊ नका.

बिल नुकतंच हातात आलं असेल आणि त्या महिन्याचा जीएसटीआर-१ अजून भरला नसेल, तर यातलं बरंचसं लागतच नाही. सप्लायर ते बिल रद्द करून नव्या नंबराचं देऊ शकतो. मूळ प्रत त्याला परत द्या, म्हणजे रद्द आणि नवं अशी दोन्ही तुमच्याकडे चढणार नाहीत. ई-इनव्हॉइस असेल तर तिथे २४ तासांची मर्यादा आहेच. म्हणून माल उतरवून घेताना नगांबरोबर बिलावरचा आपला नंबर वाचायची सवय गोडाउनच्या माणसाला लावलेली बरी. पंधरा अक्षरं कुणी वाचत नाही, पण पाचवं-सहावं अक्षर बघितलं तरी पुष्कळ कळतं. सहावं अक्षर म्हणजे पॅनमधलं चौथं. ते मालकी धंद्याला पी, भागीदारीला एफ आणि कंपनीला सी असतं. भावाची फर्म भागीदारीची आणि तुमचा धंदा एकट्याच्या नावाचा असेल, तर एफ दिसलं की ट्रक तिथेच थांबवून बिल बदलून मागता येतं.

मुदतीचं सांगायचं तर, एका आर्थिक वर्षातल्या बिलांच्या दुरुस्तीची, क्रेडिट नोटची आणि तुमच्या क्रेडिटची अंतिम तारीख पुढच्या ३० नोव्हेंबरची आहे, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तो दिवस. म्हणजे २०२५-२६ च्या बिलांसाठी ३० नोव्हेंबर २०२६. पण प्रत्यक्षात त्या तारखेवर विसंबू नका. सप्लायरची शेवटची दुरुस्ती ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मधून होते, आणि तो भरायचा असतो ११ नोव्हेंबरपर्यंत. ती चुकली तर १४ नोव्हेंबरच्या २बी मध्ये काही येणार नाही. दिवाळीच्या गडबडीत सप्लायरच्या ऑफिसात कुणी भेटेलच असंही नाही, त्यामुळे मागच्या वर्षाची राहिलेली बिलं सप्टेंबर अखेरीस काढून यादी पाठवून द्या, आणि त्याच मेलमध्ये "आपण वार्षिक रिटर्न भरलंय का?" हेही विचारा. भरलं असेल, तर ९ए चा मार्ग बंद झालेला असतो. मग अडलेला टॅक्स सोसायचा कुणी, हे तुम्ही आणि सप्लायरने आपसात ठरवायचं उरतं, आणि थांबवून ठेवलेले १४,४०० रुपये तेव्हा कामाला येतात.